चौथ्या चित्रातले हात

आमच्या नणंदबाई दुकानदारांसाठी फोनवरच्या पोस्ट लिहितात. सरकवत बघायची सहा-सात चित्रं आणि प्रत्येकावर एकच ओळ. जेवणाच्या टेबलाचा अर्धा भाग त्यांनी कायमचा बळकावला आहे. ओळी झाल्या की चित्रं बाजूला ठेवून त्या मला नुसत्या ओळी वाचून दाखवतात. "वहिनी, एका दमात गोष्ट उभी राहिली पाहिजे. चित्रात दिसतंय तेच ओळीत सांगितलं, तर ओळ फुकट गेली."

कोपऱ्यावरचं चष्म्याचं दुकान बंद होणार होतं. दुकानदार काका समोर बसत, डोळे तपासत, गप्पा मारत. त्यांची बहीण, जिला सगळे आत्याच म्हणतात, पडद्यामागे फिरत्या ओल्या दगडावर भिंगं घासून फ्रेमच्या मापाची करी. एकतीस वर्षं. नणंदबाई फोटो काढायला गेल्या तेव्हा आत्यांनी तासभर काम दाखवलं. निघताना म्हणाल्या, "माझं नाव-बिव नको गं. फक्त आत कोणीतरी घासत होतं, एवढं येऊ दे."

ओळी अशा झाल्या:

"फळा दिसत नाही म्हणून एक मुलगी रडत या दुकानात आली."

"काकांनी आधी पाणी दिलं, मग चष्मा."

"बाहेर जाऊन ती ओरडली, झाडाला सुटी सुटी पानं असतात!"

"आत पडद्यामागे त्यांची बहीण भिंगं घासत होती."

"ती पानं दाखवणारे हात हे."

"हे हात आता थकलेत. शनिवारी दुकान शेवटचं उघडेल."

"तुम्ही पहिल्यांदा स्पष्ट काय पाहिलं, ते काकांना सांगायला या."

नणंदबाईंनी चौथ्या ओळीवर बोट ठेवलं. "इथे अडतंय. वाचणारा काकांचं बोट धरून चाललाय आणि मी त्याला मधेच दुसऱ्याच्या हाती देतेय. एक गोष्ट, एक माणूस."

"काढलीस तर वाचायला सरळ होईल," मी म्हणाले. मटार सोलता सोलता म्हणाले. दोष एकट्या त्यांचा नाही.

ओळ गेली, तिचं चित्रही गेलं. हातांचा फोटो एक घर पुढे सरकून चौथा झाला. तो आत्यांच्या हातांचा होता. काकांचे हात गुबगुबीत, फोटोत काहीच बोलत नव्हते.

पोस्ट तुफान चालली. शनिवारी दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. माणसं काकांचे दोन्ही हात हातात घेत होती. एका बाईंनी तर डोळ्यांना लावले. "हेच ते हात!" काका हसले. आधी संकोचून हसले, दुपारपर्यंत सरावले.

आत्या आत शेवटचे दोन चष्मे पुरे करत होत्या. नणंदबाई पडदा सारून आत गेल्या, मी त्यांच्या मागे. दगड थांबवून आत्या म्हणाल्या, "फोटो झकास आलाय माझ्या बोटांचा. नखांत पांढरं राहिलंय तेवढं. सांगितलं असतंस तर धुऊन आले असते."

नणंदबाई माफी मागू लागल्या.

"अगं, रागावले नाही मी. वाचून मलाही रडू आलं. आपला दादा इतका चांगला आहे, हे आज कळलं," असं म्हणून त्यांनी दगड पुन्हा सुरू केला.

घरी येऊन नणंदबाई फोन घेऊन बसल्या. चित्रावर लिहिलेली ओळ एकदा टाकली की बदलता येत नाही. फार तर ते चित्र उडवता येतं. त्यांनी चौथं उडवलं. मग वाचून पाहिलं. पानांनंतर एकदम "हे हात आता थकलेत," आणि हात कुठेच नाहीत. तरी खाली लोक तसेच "रडवलंत" लिहीत होते. कोणाच्या लक्षातही आलं नाही. ते त्यांना जास्त लागलं.

चार दिवस खपून त्यांनी नवी सात चित्रं केली, सगळी आत्यांची. पहिलीच ओळ होती, "तिने कोणाचे डोळे कधी पाहिले नाहीत, फक्त त्यांचे नंबर." मी आजवर ऐकलेल्यांत ती सगळ्यांत सुंदर. टाकण्याआधी त्या आत्यांच्या घरी दाखवायला गेल्या.

आत्यांनी अंगठ्याने सावकाश एकेक चित्र सरकवलं. शेवटच्यावरून परत पहिल्यावर आल्या. चष्मा काढून पुसला.

"छान आहे. टाकू नकोस."

"का पण?"

"आता टाकलंस तर लोक म्हणतील, दादाने माझे हात आपले म्हणून मिरवले. बाहेरच्या खोलीत बसलाय तो, येणाऱ्या प्रत्येकाला ती पोस्ट दाखवत. तेव्हा एक ओळ असती, तर दोघांचं भागलं असतं गं."

ती सात चित्रं नणंदबाईंच्या फोनमध्ये तशीच आहेत. आताशा ओळी वाचून झाल्या की त्या मला विचारतात, "कोणी राहिलं का, वहिनी?" मी हातातलं काम ठेवून नीट ऐकते. आत्यांना मात्र त्याचा काही उपयोग नाही.