केसांतली रेघ

ब्लीचची पावडर पेरॉक्साइडमध्ये कालवताना आजही मला भीती वाटते. मी मुळातच भित्री. दादरला एका बाईंकडे काम शिकले आणि ऐंशीच्या दशकाच्या शेवटी कर्जतला घराच्या पुढच्या खोलीत पार्लर काढलं, तेव्हा भुवया आणि फेशियल एवढ्यावर आयुष्य निघेल अशी माझी भाबडी समजूत होती.

एका थंडीत जवळच्या कडाव गावातली एक सून आली. लग्नाला दोन वर्षं झालेली, नवरा मस्कतला. पुढच्या आठवड्यात ती त्याच्याकडे जाणार होती. त्याने मासिकातलं एक पान पाठवलं होतं, त्यात सोनेरी केसांची बाई. आपण त्याला गावंढळ वाटू, या धास्तीने तिची झोप उडाली होती. त्याहून मोठी धास्ती सासूची होती. केस रंगवलेले दिसले तर सासू पाठवायचीच नाही, असं ती म्हणाली.

मी तिला केस उजळायच्या तीन रीती समजावल्या. एक फॉइलची, म्हणजे चांदीच्या कागदाची. बारीक बारीक बटा विंचरून काढायच्या, मुळाजवळून ब्लीच लावून कागदात गुंडाळायच्या. आत ऊब कोंडते, रंग चांगला उजळतो. पण दीड-दोन महिन्यांत मुळाशी काळी रेघ उमटते आणि पार्लरची वारी काही सुटत नाही. दुसरी बालयाज, त्यात कागद नाही, ब्रशने केसांवर वरच्यावर हात फिरवायचा, मुळाशी नुसता स्पर्श, खाली भरपूर. रेघ पडत नाही, चार-पाच महिने निभतं. आणि आज ज्याला ओंब्रे म्हणतात, त्याला आम्ही टोकं उजळणं म्हणायचो. वर काळं, खाली हळूहळू फिकट. मुळाला हातच लागत नसल्यामुळे केस वाढले तरी काही कळत नाही, कंटाळा आला की टोकं छाटायची.

"टोकंच करा, ताई," ती लगेच म्हणाली. "अंबाड्यात दडतील."

हुशार होती पोरगी. मलाही हायसं वाटलं. तरी आधी तपासून बघायची दादरच्या बाईंची शिस्त अंगात मुरलेली, म्हणून मानेजवळची एक बारीक बट कापून वाटीतल्या ब्लीचमध्ये घातली. थोड्याच वेळात वाटी गरम लागायला लागली. टोकाकडचा केस फुगला, ओढला तर रबरासारखा ताणला आणि तुटला. मुळाकडचा भाग मात्र शांतपणे पिवळा होत होता. मी वाटी बाजूला सारली. हे तिच्या डोक्यावर झालं असतं तर, हा विचारच सोसवेना.

विचारलं तेव्हा कळलं, की माहेरी ती वर्षानुवर्षं मेंदी लावायची. लिंबू पिळून रात्रभर लोखंडी कढईत भिजवलेली, म्हणजे रंग गडद येतो. त्या मेंदीबरोबर लोखंड केसांत उतरलेलं, आणि लोखंड आणि पेरॉक्साइड एकत्र आले की केस भाजतात. सासरी आल्यावर मेंदी बंद झाली होती, म्हणून मुळाकडचे केस स्वच्छ. जे दडवता येत होतं तिथेच धोका, आणि जे उजळता येत होतं ते अगदी भांगाशी, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर.

मी म्हटलं, राहू दे. तिने आरशात बघत भांगाजवळचे केस बोटांत धरले. मग म्हणाली, "दिसू दे. पुढच्या दोन बटा करा."

त्या दोन बटा मी हनुवटीपर्यंत कापल्या, मेंदीचा भाग काढून टाकला आणि फॉइल बांधलं. दर पाच मिनिटांनी कागद उघडून बोट लावून बघत होते. बटा मधासारख्या उजळल्या. ती पदर पुढे ओढून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिची सासू दारात उभी. ती आत आली, खुर्चीच्या कडेला टेकली. आता शिव्या सुरू होणार म्हणून मी तोंडातल्या तोंडात सबबी जुळवत होते.

"बाय, त्या बटा काळ्या कदी व्हतील?" तिने विचारलं.

मी सांगितलं, काळ्या होत नाहीत, मुळातून नवे काळे केस येतात, महिन्याला साधारण अर्धा इंच. मध्ये रेघ दिसते.

"भाताच्या लावनीला परत येतो म्हनलीय ती. तवर रेघ कुटवर येल?"

मी मनाशी हिशेब करून चार बोटं दाखवली. तिने स्वतःची चार बोटं कपाळाशी, पिकल्या केसांवर टेकवली आणि तशीच धरून ठेवली.

"थोरली सून अशीच गेली, ती तिकडंच ऱ्हायली," ती म्हणाली. "हिला मी नाय म्हनलो नाय. पन चार बोटांच्या खाली गेली रेघ, आन् ही आलीच नाय, तर मंग?"

मग रेघ कानापाशी येते, मग हनुवटीपाशी, आणि मग उरलेली सोनेरी टोकं कापून टाकतात. ते तिला सांगायची मला हिंमत झाली नाही.