मामाने निवडलेली तारीख

माझा भाऊ मुत्तुकोया तीस वर्षं जहाजावर खलाशी होता. निवृत्त झाला, पण जहाजं काही त्याच्या डोक्यातून उतरली नाहीत. चेतलाट बेटावरची पोरं प्रवेशपरीक्षेचा फॉर्म भरायची आणि शहर नि तारीख निवडायला आमच्या ओसरीवर यायची. बेटावर केंद्र नाही, जायचं कोचीला. "आधी जहाज बघायचं, मग स्लॉट," हे त्याचं ठरलेलं वाक्य. त्याचा अंदाज चुकत नसे, आणि ते तो कुणाला विसरूही देत नसे.

गेल्या वर्षी माझ्या सरीनाची पाळी होती. ही परीक्षा बारावीच्या वर्षीच देता येते, पुढच्या वर्षी दार बंद. सकाळी दहाला साइट उघडली. कोची निवडल्यावर तारखा आल्या, प्रत्येकीपुढे उरलेल्या जागा.

"मामा, बारा तारीख, सकाळ. अकराच जागा उरल्यात!"

"अकरा तारखेला संध्याकाळी जहाज कोचीला लागतं. उशीर झाला की बसलीस बोंबलत."

"मग पाच तारखेच्या जहाजाने जाते. हॉस्टेलवर राहीन."

"आठ दिवस? कोचीत? एकटी?" मामा हसला. "वीस तारीख घे. जहाज सतराला पोचतं, तीन दिवस हातात. मीही वेळेवर धक्क्यावर सोडायला येईन."

सरीनाने माझ्याकडे पाहिलं. आमच्याकडे घर बहिणीचं, पण शब्द मामाचा. मी मासळी साफ करत होते, खाली मान घालून करतच राहिले. तोवर बाराच्या जागा संपल्या. तिने वीस तारीख निवडली. 'नंतर बदल होणार नाही' अशी सूचना आली, तिने 'होय' दाबलं.

सतराला पोचणारं जहाज दुरुस्तीला गेलं. धक्क्यावरच्या फळ्यावर एका ओळीची नोटीस लागली. विमान अगत्ती बेटावरून, पण अगत्तीला जायला बोट नव्हती, समुद्र खवळलेला. सरीनाने परीक्षेच्या कार्यालयाला तीन मेल पाठवले. तिन्हींना एकच उत्तर: स्लॉट बदलता येत नाही. वीसला दुपारी दोनला तिचा पेपर सुरू झाला, तेव्हा ती आमच्या विहिरीवर कपडे धूत होती. मुत्तुकोया दिवसभर जेवला नाही. मला त्याची कीव आली नाही, खरं सांगते. स्वतःचीही आली नाही.

सरीना आता इथल्याच शाळेत मुलांची हजेरी घेते.

यंदा शेजारची मुळ्ळाबी मोबाइल घेऊन आली. "मामा, कुठली तारीख घेऊ?"

मुत्तुकोयाने सरीनाकडे पाहिलं. सरीनाच म्हणाली, "पहिली मिळेल ती घे. आधीच्या जहाजाने जा."

"पण मग आठ दिवस तिकडे एकटीने..."

"एकटी कशाला?" मुत्तुकोया पटकन म्हणाला. "मी येतो ना सोबत. आठ काय, दहा दिवस राहू."

सरीना उठून आत गेली.