इब्राहिम खानसाम्याचा अर्क

लोणावळ्याच्या बाजारात आमचं किराणा दुकान होतं आणि त्यातल्या एका फळीला माझे वडील, अंबाजीशेट, कधीच हात लावत नसत. बंगल्यांतल्या आणि रेल्वेच्या साहेबलोकांसाठी मागवलेला माल त्या फळीवर असे. डबाबंद मासे, बिस्किटं, मुरंबे, मांसाच्या अर्काच्या बुटक्या काळ्या बरण्या आणि चकचकीत कागदात गुंडाळलेल्या सुपाच्या वड्या. एखादा बटलर आला की वडील मला म्हणत, "ते काढ रे." 'ते' म्हणजे काय, त्याचं नाव त्यांनी जन्मात तोंडातून काढलं नाही. पैसे मात्र स्वतः मोजून घेत. मी बाविशीत होतो, त्यामुळे मला याचं फार हसू येई.

इब्राहिम खानसामा हा त्या फळीचा सर्वांत चिकित्सक गिऱ्हाईक. माणूस मूळचा कामशेतजवळच्या खेड्यातला. टेकडीवरच्या एका गोऱ्या बाईच्या बोर्डिंगात तो स्वयंपाक करी. अंगानं सडपातळ, बोलायला गोड आणि नाक इतकं तीक्ष्ण की डाळीच्या पोत्याशेजारून जाताना पोरकिडा लागलाय हे तो आम्हाला सांगे. मालकिणीसाठी बरणी न्यायचा, पण स्वतः त्यातला थेंब जिभेवर घेत नसे.

"का रे इब्राहिमभाऊ, तुला कसलं सोवळं?" मी एकदा छेडलं.

"बैलाचं मला वावडं न्हाई, शेट," तो म्हणाला. "पर कुणी कापला, कसा कापला, ते कुटं लिव्हलंय? बाईनं मला वाचून दावलं. बरणीत निस्ता बैलाच्या मांसाचा रस आटवलेला. वडीत तो रस थोडका, मीठच मायंदाळ, वर चरबी, पीठ, अन् हाडा-कातड्याचा सरस. आता ती चरबी बैलाची का डुकराची, कोन सांगनार?"

माझे वडील गल्ल्यावरून मान हलवत म्हणाले, "बरोबर आहे तुझं." एकाला गाय-बैल वर्ज्य, दुसऱ्याला हलाल नसलेलं वर्ज्य. असं एकमत मी पुढे आयुष्यात फारसं पाहिलं नाही.

त्या वर्षी, म्हणजे छत्तीस सालच्या पावसाळ्याअखेर, त्याच्या बायकोला, खुर्शीदाला, विषमज्वर झाला. ती थोराड हाडाची, हसरी बाई होती. तापानं तिला कित्येक दिवस अंथरुणाला खिळवलं. ताप उतरला तेव्हा तिचा चेहरा ओळखू येईना. हकीम सांगून गेला की आतडी नाजूक झालीत, जड काही द्यायचं नाही, पातळच द्या. एवढं सांगून तो गेला तो परत फिरकला नाही. या माणसाचा मला आजही राग येतो. पातळ किती दिवस, कशाचं, हे सांगायला त्याला वेळ नव्हता.

इब्राहिमला वाटलं, पातळात आपला हात कोण धरणार? बरणीच्या कागदावर एक मस्तवाल बैल छापलेला असे. एका चमच्यात शेरभर मांसाची ताकद आहे असं त्यावर लिहिलंय, हे मालकिणीनं त्याला वाचून दाखवलं होतं. विकतची बरणी बायकोला चालणार नव्हती. मग त्यानं ठरवलं, असाच अर्क आपण घरी काढायचा. बकऱ्याचा, हलाल, आपल्या हातचा.

तो अर्क कसा निघे ते मी त्याच्या ओसरीवर बसून पाहिलं आहे. बकऱ्याच्या नळ्या आणि मांस थंड पाण्यात घालून मंद आचेवर ठेवायचं. उकळी फुटू द्यायची नाही. वर येणारा फेस काढत राहायचं. दुपारपर्यंत मांसातलं सगळं पाण्यात उतरलं की मलमलीतून गाळायचं. गार झाल्यावर वरची चरबी उचलून टाकायची. मग त्यात अंड्याचा पांढरा बलक फेटून घालायचा आणि पुन्हा तापवायचं. बलक थिजताना सगळा गढूळपणा आपल्यात ओढून घेतो, तो काढला की खाली चहासारखं नितळ पाणी राहतं. ते आटवत आटवत काकवीसारखं दाट आणि काळसर झालं की बाटलीत भरायचं. चांगला पातेलंभर रस्सा, त्याचा वाटीभरसुद्धा अर्क होत नसे. त्यातला चमचाभर गरम पाण्यात, चिमूटभर मिठाबरोबर, खुर्शीदाला दिवसातून तीन वेळा.

मी एक घोट घेऊन पाहिला. तोंडाला असं पाणी सुटलं की लाज वाटली. मी घरच्यांच्या चोरून मांसमच्छी खात असे, ते सोडा. गोड नाही, आंबट नाही, नुसतं खारटही नाही. सुक्या बोंबलाच्या कालवणात, लालभडक पिकलेल्या टोमॅटोत जी चव लागते आणि जिला आपण नुसतं 'मस्त' म्हणतो, ती. पुढे पुष्कळ वर्षांनी एका शिकलेल्या माणसानं मला ती उलगडून सांगितली. मांसातली प्रथिनं म्हणजे लांब साखळ्या. त्यांच्या काही सुट्या कड्या मांसात आधीच असतात, शिजताना आणखी काही सुटतात. त्यांतली एक, मिठाबरोबर आली की, जिभेला थेट कळते. मांसात आणखी एक द्रव्य असतं, ते तिच्या जोडीला आलं की चव दोघांच्या बेरजेपेक्षा कितीतरी वाढते. ही सगळी पाण्यात विरघळणारी, म्हणून रस्शात उतरतात. जीभ समजते, मांस आलं. आलेली असते फक्त त्याची वर्दी.

हे तेव्हा इब्राहिमला कुणी सांगावं?

उरलेलं मांस चोथ्यासारखं, पांढुरकं, बेचव. ते तो शेजारच्या मुक्तामावशीच्या कोंबड्यांना घाली. थिजलेला बलकही त्यांनाच. मुक्तामावशी शेतकरी घरातली विधवा, तोंडानं फटकळ आणि मनानं लोण्यासारखी. "आरं इब्राहिमा, माझ्या कोंबड्या तर माहेरी आल्यागत फुगल्यात," ती म्हणे आणि त्याला अंडी आणून देई. त्यातला पांढरा बलक अर्क नितळ करायला जाई, पिवळा तिच्या नातवाला. हकिमानं जड नको म्हटलं होतं ना!

खुर्शीदाला अर्क फार आवडे. वाटी पाहिली की डोळ्यांत तेज येई. "लय ग्वाड लागतंय. आता उठंन मी," ती म्हणायची. गरम, खारट, खमंग वासाचं पोटात गेलं की अर्धा तास तिला खरंच हुशारी वाटे. इब्राहिमला तेवढं पुरे होई. दिवाळीपर्यंत उठेल म्हणाला, मग थंडीपर्यंत म्हणाला. ती मात्र दिवसेंदिवस आत आत जात होती. मनगटाची बांगडी दंडापर्यंत सरके. तो म्हणे, अर्क कमी पडतोय, आणि आणखी मांस आणून आणखी आटवी.

शेवटी मुक्तामावशीनंच आरडाओरडा केला आणि तळेगावचे डॉक्टर आले. तरुण माणूस, घाईत नसलेला. ते खुर्शीदाजवळ बराच वेळ बसले. मग ओसरीवर येऊन विचारलं, "काय खायला देता?"

इब्राहिमनं बाटली पुढे केली. अभिमानानं केली, हे मी पाहिलं. डॉक्टरांनी बोट लावून चाखलं. "झकास झालंय," ते म्हणाले. "आणि मांस कुठे जातं?"

"कोंबड्यास्नी."

"अंडं?"

"पांढरं कोंबड्यास्नी, पिवळं मावशीच्या नातवाला."

डॉक्टरांनी बाटली बाजूला ठेवली. मग खालच्या आवाजात म्हणाले, "इब्राहिमभाई, यात चव आहे, क्षार आहेत, थोडा सरस आहे. सरसावर माणूस जगत नाही. ताकद त्या चोथ्यात राहते, त्या बलकात राहते, तुम्ही उचलून टाकलेल्या चरबीत राहते. विलायतेत एकांनी कुत्र्यांना नुसत्या अर्कावर ठेवून पाहिलं, ती कुत्री जगली नाहीत."

इब्राहिमनं शेजारच्या अंगणाकडे पाहिलं. तिथे त्या कोंबड्या माती उकरत होत्या, तुकतुकीत आणि गरगरीत.  मला तर डॉक्टरांचं तोंड दाबावंसं वाटलं. खरं बोलणाऱ्या माणसाचा असा राग मला पुन्हा कधी आला नाही.

"अजून येळ हाय का?" त्यानं अखेर विचारलं.

"आजपासून दूध, अंडं, वाटलेलं मांस. थोडं थोडं. बघू."

त्या दिवसापासून तो कामावर गेलाच नाही. पाट्यावर मांस इतकं बारीक वाटी की लोण्यासारखं होई, त्यात पिवळा बलक, दूध आणि चवीपुरता तोच अर्क. खानसामा होता, अर्काचा खरा उपयोग त्याला आता कळला: खाल्लं जाईल असं करायचं, एवढाच. खुर्शीदा चार घास खाऊ लागली. एकदा भिंतीला टेकून बसली, आणि मुक्तामावशीनं तिची वेणी घातली. आम्हा सगळ्यांना वाटलं, निभावलं.

पण पौषातली लोणावळ्याची थंडी त्या अंगाला पेलवली नाही. छाती भरली, पुन्हा ताप चढला. डॉक्टर येऊन गेले आणि जाताना इब्राहिमच्या खांद्यावर हात ठेवून नुसते उभे राहिले. घास उतरेना. वाटलेलं मांस ओठावरून परत येई.

"ते नगं," ती म्हणाली. "तुमचं ते पानी द्या की. ग्वाड."

मी तिथेच होतो. त्या पाण्यात काही नाही हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं, आणि सगळ्यांत जास्त त्याला. तो उठला. नवं मांस चढवलं, फेस काढला, गाळलं, अंडं फेटून घातलं, एकही कण राहू दिला नाही. तितकं नितळ त्यानं साहेबाच्या मेजवानीलाही कधी केलं नसेल. चमच्या-चमच्यानं पाजलं. तिनं सगळं घेतलं आणि म्हणाली, "आता बरं वाटतंय." दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली.

दफन करून सगळे परतले. मयताच्या घरात चूल पेटत नाही, म्हणून मुक्तामावशी भाकरी आणि पिठलं घेऊन गेली. माझे वडीलही, ज्यांनी त्या घराचं पाणी कधी घेतलं नव्हतं, माझ्याबरोबर ओसरीवर जाऊन बसले. इब्राहिम आत भिंतीशी बसला होता. त्याच्यापुढे आदल्या दिवशीचं पातेलं होतं आणि त्यातला तो गाळलेला चोथा, गार झालेला, बिनमिठाचा, तो एकेक घास चावून खात होता. 

"आरं, टाक ते," मुक्तामावशी रडत म्हणाली. "कोंबड्यास्नी टाक. मी भाकर आनलीया."

"न्हाई मावशी," तो म्हणाला. "ह्यो तिचा वाटा हाय."