कॅटलॉगमधली छत्तीसशेची साडी

माझा मोठा भाऊ उमरेडला हातमागावर सुती साड्या विणायचा आणि मी त्या नागपुरात, बेसाच्या माझ्या फ्लॅटमधून विकायची. अठराशेला त्याच्याकडून घ्यायची. केवढ्याला विकते हे त्यानं कधी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. उलट त्यानं शंभर रुपये वाढवून मागितले की मी म्हणायची, बाजार मंदा आहे दादा, दोन तर तशाच पडून आहेत. तो म्हणायचा, राहू दे मग. खोटं होतं ते. साडी आठवडाभरही घरात टिकत नव्हती.

भाव सांगायची माझी रीत ठरलेली होती. बाई बघायची, तिची पर्स बघायची, मग आकडा तोंडातून काढायचा. झाकली मूठ होती तोवर बरं होतं. पण रोज पन्नास बायका मेसेज करून फोटो पाठवा, किंमत सांगा म्हणायच्या. माझं डोकं फिरायचं. शेवटी मुलगी म्हणाली, आई, बिझनेसवालं अ‍ॅप घे, त्यात कॅटलॉग करून देते. एकदा लिंक पाठवली की बायका आपल्या आपण बघतील.

जुनाच नंबर नव्या अ‍ॅपवर नेला. खिडकीजवळ पांढरी चादर टाकून मुलीनं दिवसाच्या उजेडात फोटो काढले: एक पूर्ण साडीचा, एक पदराचा, एक काठाचा जवळून. प्रत्येक साडीला नाव, किंमत, खाली दोन ओळी माहिती. किंमत टाकलीच पाहिजे असं नव्हतं, रकाना रिकामा सोडता येत होता. पण मीच म्हटलं, टाक, कटकट नको. छत्तीसशे. वरून शहाणपणा म्हणून माहितीत लिहायला लावलं, ‘माझ्या सख्ख्या भावानं हातमागावर विणलेली.’ अशानं गिऱ्हाईक भुलतं.

थोड्या वेळानं साड्या दिसायला लागल्या आणि मी निवडक बायकांना लिंक पाठवली. मला वाटलं, जिला लिंक जाईल तिलाच दिसेल. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. नंबर तोच होता ना! माझ्या नावापुढे दुकानाचं चिन्ह आलं होतं, आणि ज्याच्याकडे माझा नंबर तो त्यावर बोट ठेवून सगळं बघू शकत होता. भाऊ तर रोज सकाळी मला देवाचा फोटो पाठवायचा.

दिवाळीच्या आधी एक ऑर्डर आली. कॅटलॉगमधून साडी निवडून, कार्टमध्ये टाकून, रीतसर पाठवलेली. एक नग, छत्तीसशे. मी सवयीनं ‘धन्यवाद ताई’ लिहायला घेतलं आणि वर नाव पाहिलं. भाऊ.

मी आधी ती साडी लपवली. तशी सोय आहे त्यात, साडी कॅटलॉगमध्येच राहते, गिऱ्हाइकाला दिसत नाही. मग बाकीच्यांच्या किमती पुसत बसले. ज्यानं बघायचं त्यानं बघून झालं होतं, पण अक्कल तेव्हा कुठे चालते. मग फोन केला. पॅकिंग, कुरिअर, परत आलेला माल, सगळी रडगाणी गायली. त्यानं ऐकून घेतलं. भांडला असता तर मीही भांडले असते. भांडायला मी काही कमी नाही.

शेवटी मी म्हटलं, तुझीच साडी आहे दादा, तुला कशाचे पैसे.

तो म्हणाला, “घरचा भाव नको लावू वं. जगाले जो हाय, तोच मले लाव.”

दुसऱ्या दिवशी तो बसनं आला, छत्तीसशे टेबलावर ठेवले आणि साडी घेऊन गेला. चहा प्यायला नाही. मी पैसे घेतले. हेही लिहायलाच हवं. नको नको म्हणत घेतले.

दरवर्षी भाऊबीजेला तो स्वतः विणलेली साडी मला ओवाळणीत घालायचा. माझ्यासाठी वेगळा काठ काढायचा, तसला काठ विकायच्या मालात कधी नसे. यंदा तो येणार नाही असं मी धरून चालले होते. पण आला, पाटावर बसला. मी ओवाळलं. त्यानं पिशवीतून साडी काढून ताटात ठेवली. तीच. मीच घडी घातलेली, माझ्याच दुकानाचं कागदी लेबल तसंच.

“काहून रे असं?” मी म्हटलं. रडूच फुटलं.

“यंदा विणली नाही,” तो म्हणाला. “माग विकला. कळमेश्वरले कंपनीत वॉचमन लागलो.”

मग जेवला, पुरणपोळी चांगली झाली म्हणाला, आणि संध्याकाळच्या बसनं गेला. देवाचे फोटो अजून रोज सकाळी येतात. कॅटलॉगमध्ये आता दुसऱ्यांच्या साड्या आहेत. ती एक अजून लपवलेलीच आहे, मला एकटीलाच दिसते, छत्तीसशे आणि खाली ‘माझ्या सख्ख्या भावानं’.