कुसाबाईचा परिचय, भाग्यश्रीच्या नावानं

दिंडोरीजवळच्या त्या गावात बचत गटाचा ठराव सगळ्यांसमोर वाचून दाखवल्याशिवाय सह्या होत नाहीत. ही सवय कुसाबाईनंच लावलेली. पापडाच्या मशीनसाठी सरकारी योजनेतून कर्ज मागायचं होतं. अर्जाला अध्यक्षांचा परिचय जोडायचा, म्हणून भाग्यश्रीनं तोही वाचायला घेतला. दर दोन वर्षांनी फिरणारं अध्यक्षपद यंदा तिच्याकडे होतं.

"पेठच्या पाड्यावर जन्म. सतराव्या वर्षी द्राक्षबागेत मजुरी. पाठीवर लेकरू बांधून छाटणी केली. नागलीचे पापड लाटून दहा बायकांना हाताला काम दिलं. उकड शिजली की नाही ते नुसत्या वासावरून ओळखतात..."

कुसाबाईच्या अंगाची लाहीलाही झाली. सरपंचाच्या या सुनेनं बागेत पाऊल टाकलं ते फक्त फोटोला! कुसाबाईला नवऱ्यानं टाकल्याचं तेवढं वगळलं होतं, कारण भाग्यश्रीचा नवरा दिनेश दारातच उभा होता.

"ह्ये माझं हाय," कुसाबाई म्हणाली.

"मावशी, अनुभव दाखवावा लागतो. कर्ज गटालाच मिळणार ना?"

"मग माझं नाव टाक."

"अध्यक्ष मी आहे."

बाकीच्या बायका भाग्यश्रीवर नव्हे, कुसाबाईवरच तुटून पडल्या. रंगूबाई तर तिची वीस वर्षांची जोडीदारीण. तिनंच पेन हातात कोंबलं. "लय शानपना करू नको. मशीन येऊंदे." कुसाबाईनं सही केली. घरी गेल्यावर मात्र तिला स्वतःचीच किळस आली.

पंधरा दिवसांनी बँकेचे साहेब पाहणीला आले. तेही शेतकऱ्याचंच पोर, त्यांनी परिचय बारकाईनं वाचलेला.

"वासावरून उकड ओळखता म्हणे? दाखवा बरं."

भाग्यश्रीनं पदर खोचला. पातेल्यातल्या उकळत्या पाण्यात नागलीचं पीठ वैरलं, दोनदा झाकण उचलून हुंगलं आणि पातेलं घाईनंच उतरवलं. उकड कच्ची! लाटताना पापडाच्या कडा फाटत गेल्या. दुसरा घेतला, तोही फाटला. घामानं तिचं कुंकू ओघळलं. नऊ बायका कुसाबाईकडे बघायला लागल्या. रंगूबाईनं तिला कोपरानं ढोसलं, "अगं, सांग की तिला."

सांगणं सोपं होतं. पातेलं परत चुलीवर, वर ओलं फडकं, थोडा दम. एका वाक्याचं काम.

"मावशी..." भाग्यश्रीचा आवाज रडवेला झाला होता.

"मला काय इचारते?" कुसाबाई मोठ्यानं म्हणाली. "पाठीला लेकरू बांधून तूच शिकली ना?"

साहेबांनी कागदावरून मान वर केली. एकेकीचं तोंड बघितलं, मग फाइल मिटली. "परिचय खरा लिहा आणि नव्यानं अर्ज करा. हा मी परत पाठवतोय."

गाडी गेली. कुसाबाई घराकडे वळली, तशी रंगूबाई तिच्यासमोर आडवी उभी राहिली.

"मशीन घालवलीस तू आमची!"

"व्हय," कुसाबाई म्हणाली, "घालवली."