भागवतचा आखूड मेसेज

भागवत प्रेस चालवतो तसा दुसरा कोणी चालवत नाही, आणि भागवत सुटी मारतो तशीही दुसरा कोणी मारत नाही. मोताळ्याच्या बाहेर रस्त्याला लागून आमची जिनिंग आहे, कापसातून सरकी काढायचा कारखाना. दिवाळीनंतर कापूस यायला लागला की दोन पाळ्या सुरू होतात. दिवसा प्रेसवर मी, गजेंद्र. रात्री भागवत. सुटलेली रुई पेटीत दाबायची, पट्ट्या आवळायच्या, गाठ बाहेर ढकलायची. प्रेस थांबला की रुईचा ढीग छताला टेकतो आणि मग सरकी काढणारी सगळी यंत्रं, म्हणजे जिन, बंद करावे लागतात. म्हणून नियम एकच. बदली आल्याशिवाय प्रेसवाल्यानं घरी जायचं नाही.

म्हणजे भागवतनं दांडी मारली की मरण माझं.

सुटीचे मेसेज लिहावेत ते भागवतनंच. रातपाळीचे सुपरवायझर उकंडराव ते आम्हाला वाचून दाखवायचे. म्हैस अडली होती, सासूचा पाय मोडला होता, विहिरीवरची मोटार जळाली होती. एका हंगामात मामा वारले, तेव्हा कोण कोण रडलं आणि तेरवीला काय स्वयंपाक होता हेसुद्धा त्यानं लिहिलं. दोन वर्षांनी मामा पुन्हा वारले. उकंडरावांनी विचारलं तेव्हा म्हणाला, "हे दुसरे मामा, भाऊ." मला तर त्याच्या मामांची दया यायची.

यंदा मात्र मुनीमजी चिडले. भर हंगामात भागवतचा आणखी एक खाडा पडला तर नांदुऱ्याचा प्रेसवाला आणून बसवतो, असं त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं. भागवतचं घर रोहिणखेडला. शेत दीड एकर. प्रेस गेला तर त्याच्याजवळ काय उरतं हे आम्हाला ठाऊक होतं. तो महिनाभर सरळ वागला. रोज माझी पाळी सुटायच्या आधी फाटकात हजर.

त्या संध्याकाळी तो आला नाही.

मी प्रेसवरून उतरून फाटकाशी गेलो. आमच्याकडे आत मोबाईल न्यायला बंदी आहे. बिडी, माचिस आणि मोबाईल फाटकावर पहाऱ्याला बसणाऱ्या बेबीताईंच्या खणात ठेवून आत जायचं. उकंडराव खणापाशीच उभे होते आणि मोबाईल डोळ्यांपासून लांब धरून वाचत होते. वाचून झाल्यावर त्यांनी तो माझ्यापुढे धरला.

"भाऊ, अर्पिताले ताप चढून झटका आला. मोताळ्यात दवाखान्यात हाओ. आज रातपाळीले येऊ शकत नाही. गजूले थांबवा."

एवढंच. मी हसलो. दिवसभर कानात मशीन आणि नाकात रुई गेलेल्या माणसाला दुसरं काय सुचणार?

"मामा सरले वाट्टे," मी म्हणालो. "आता पोरीवर आला."

"तोंड आवर," उकंडराव म्हणाले. "हे खरं हाय."

"कशावरून?"

"तू अर्ध्या रातीलोक थांब. मंग मी बसतो प्रेसवर." त्यांनी मोबाईल तोंडाशी नेऊन भागवतला दोन वाक्यं बोलून पाठवली, बेबीताईंच्या हातात तो दिला आणि आत गेले. मी पाय आपटत मागे गेलो. उकंडराव आधी प्रेसवालेच होते, पण साठी जवळ आलेल्या माणसानं रात्रभर पट्ट्या आवळाव्यात हे मला पटलं नाही. निम्म्या रात्रीनंतरही मी तिथंच थांबलो. भागवतला जेवढ्या शिव्या येत होत्या तेवढ्या देऊन झाल्या, मग नुसतं काम केलं.

तिकडे दवाखान्यात काय चाललं होतं ते मला भागवतच्या बायकोनं, पूनमवहिनींनी, नंतर सांगितलं. पोरगी तीन वर्षांची. दुपारपासून अंग कोमट होतं, तिन्हीसांजेला एकदम तापली, डोळे फिरले, हातपाय ताठ झाले. भागवतच्या आईनं, तानुबाईंनी, नाकाशी कांदा धरला. वहिनी रडायला लागल्या. भागवत डबा घेऊन ड्युटीला निघाला होता. त्यानं डबा टाकला आणि पोरीला उचललं. जीप मोताळ्याला पोचेपर्यंत झटका थांबला होता. डॉक्टर म्हणाले, लहान मुलांना ताप झपाट्यानं चढला की असं होतं, बहुतेकदा धोका नसतो, पण रात्रभर नजरेखाली राहू द्या. पुन्हा आला तर कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका.

पोरीला सलाईन लागल्यावर भागवतला ड्युटी आठवली. त्यानं मोबाईल काढला आणि सलाईनसकट पोरीचा फोटो काढायला गेला. आपल्यावर कोणी विश्वास ठेवणार नाही हे त्याला पक्कं माहीत होतं. तानुबाईंनी त्याचा हात खाली केला. "लेकराचा असा फोटू काढू नाई." मग त्यानं तो आखूड मेसेज लिहिला. रात्रभर उत्तर आलं नाही. एका हातानं पोरीच्या कपाळावर ओली पट्टी, दुसऱ्या हातात मोबाईल. "प्रेस गेला," तो वहिनींना म्हणाला. "जाऊ दे. पोरगी उठू दे फक्त."

सकाळी बेबीताईंनी खणातून मोबाईल दिला तेव्हा उकंडरावांच्या लक्षात आलं, बोललेलं गेलंच नव्हतं. नेट बंद. रोज आत जाताना ते आधी नेट बंद करतात, आणि त्या दिवशीही हाताच्या सवयीनं बोलायच्या आधीच केलं होतं. त्यांनी कपाळावर हात मारला. "चाल बे गजू. पोरगा रातभर झुरला असंन."

दिवसापुरता प्रेस दिवसपाळीच्या सुपरवायझरनं घेतला आणि अंगावरची रुई न झटकता आम्ही दवाखान्यात गेलो. अर्पिता खाटेवर बसून बिस्किटाचा भुगा करत होती. ताप उतरला होता. तिला पाहून मला रात्रीच्या सगळ्या शिव्या आठवल्या आणि लाज वाटली. खाटेशी पांढऱ्या टोपीचे एक म्हातारबाबा तिला केळ सोलून देत होते. भागवत आम्हाला पाहून ताडकन उभा राहिला.

"बसा ना भाऊ," तानुबाई म्हणाल्या. "हा माह्या भाऊ, निवृत्ती. पोरीचं ऐकलं अन् पहिल्या गाडीनं आला. एकच भाऊ हाय मले."

भागवतचा चेहरा पाहण्यासारखा झाला. उकंडराव वाकले आणि म्हाताऱ्याच्या पाया पडले.

"मामा, तुमच्या तेरवीले येनं नाही झालं," ते म्हणाले. "दोन्ही वेळा."

मामांना काही कळलं नाही, त्यांनी आशीर्वाद दिला. मी तोंड फिरवून खिडकीबाहेर बघत राहिलो. हसू आवरत नव्हतं. भागवत खाली पाहत होता.

"भाऊ, मुनीमजी..."

"मुनीमजीले मी सांगतलं. गाठी पुऱ्या निंगाल्या, प्रेस तुह्याच हाय. आज बी येऊ नको."

भागवतनं डोळे पुसले. मग हळूच विचारलं, "तुमी मानलं कसं पण? माह्यं तर कोणीच..."

उकंडराव पोरीच्या डोक्यावर हात ठेवून उभे होते. "अकरा वर्सं तुह्ये मेसेज वाचून राह्यलो. म्हैस झाली, सासू झाली, मामा तर दोनदा मारला. हिच्या जन्मापासून हिचं नाव तू एकदाबी घेतलं नाहीस. काल घेतलं."

अर्पितानं उकंडरावांच्या बाहीवरची रुई उपटली आणि बिस्किटाला लावून बघितली. माझ्याही घरी दोन लेकरं आहेत. सुटीसाठी मीही कमी थापा मारल्या नाहीत, पण त्यांच्या नावानं एकही नाही, हे मला तिथं उभं राहून पहिल्यांदा उमगलं.

"म्हणजे आज रात्री बी मीच?" मी विचारलं.

"तूच," उकंडराव म्हणाले.

मी हो म्हणालो.