ओटा मी पाडला नाही

आमच्या नात्यात सध्या असे सांगितले जाते की, खाम नदीच्या काठच्या जुन्या स्मशानभूमीतला वडिलांचा ओटा माझ्या हट्टापायी गेला. लग्नकार्यात मी मांडवात शिरलो की बायका आवाज खाली करतात. धाकट्या भावाने ही हकिकत इतक्यांदा सांगितली आहे की माझी सूनही आता तीच सांगते. ज्याला आपली बाजू मांडायची असेल त्याने ती लिहून ठेवावी, तोंडी बोलण्याला किंमत नसते, हे मी कोषागारातल्या नोकरीत शिकलो. म्हणून लिहितो.

वडील पौरोहित्य करीत आणि उरलेल्या वेळात एका वकिलाकडे लिखापढी. मी एकोणीस वर्षांचा असताना त्यांना जलोदर झाला. वैद्यांनी हात टेकले तेव्हा त्यांनी आतुर संन्यास घेतला. मरण समोर दिसत असताना अंथरुणातूनच संन्यास घेण्याची ही रीत आता फारशी कोणाला ठाऊक नाही. त्यांची शेंडी उतरवली, जानवे काढले, आणि विधी करणाऱ्या स्वामींनी त्यांना नवे नाव दिले. त्या क्षणापासून ते कोणाचे पती राहिले नाहीत, कोणाचे बाप राहिले नाहीत. दुसऱ्या दिवशी पहाटे गेले.

संन्याशाला अग्नी देत नाहीत. त्याला बसवून पुरतात. आम्ही वडिलांना खड्ड्यात मांडी घालून बसवले आणि भोवती मीठ भरले. मग डोक्यावर नारळ फोडायचा असतो. तो मी फोडला. पहिल्या घावात फुटला नाही. पुढे त्याच जागेवर ओटा बांधला. हे सारे मी पाहिले असे मी म्हणत नाही; हे मी केले आहे.

भाऊ तेव्हा अकरा वर्षांचा होता. आजाऱ्याच्या घरात पोर नको म्हणून त्याला उस्मानपुऱ्यात आत्याकडे ठेवले होते. आत्याला संन्यास मान्य नव्हता. आपला भाऊ, म्हणजे आमचे वडील, वातात बरळला आणि स्वामींनी त्याचा संन्यास केला, असे ती मरेपर्यंत म्हणत राहिली. तिने पोराला सांगितले की बाबांना चितेवर ठेवले, अस्थी पैठणला गोदावरीत सोडल्या, आणि चिता जिथे रचली तिथे आठवण म्हणून ओटा बांधला. पोराने ते मानले. मोठेपणीही मानले. संन्याशाला पिंड नसतो, त्याचे श्राद्ध पितृपक्षात द्वादशीला करायचे असते. मी तसे करीत आलो. भाऊ मात्र दरवर्षी वडिलांच्या तिथीला पिंड देतो. एका बापाची दोन श्राद्धे दोन घरांत होत राहिली. ओटा तेवढा दोघांचा होता. दिवाळीच्या आधी तो तिथे झाडलोट करी, मी नंतर जाऊन फुले ठेवी. भेट झालीच तर पावसापाण्यावर बोलत असू.

गेल्या वर्षी स्मशानभूमीच्या फाटकावर महापालिकेची नोटीस लागली. नवी शेड उभारायची होती. आतले जुने ओटे आणि समाध्या कोणाच्या आहेत ते नातेवाइकांनी मुदतीत पुराव्यासह कळवावे, बेवारस बांधकामे काढली जातील, असा मजकूर होता. मी दुसऱ्याच दिवशी वडिलांचा मृत्यूचा दाखला घेऊन झोन कार्यालयात गेलो. तिथल्या अभियंत्याने दाखला वाचला आणि परत दिला. माणूस मेला हे यावरून कळते, कुठे पुरला किंवा जाळला ते कळत नाही, असे त्याचे म्हणणे. बरोबरच होते. दाखल्यात मृत्यूचे ठिकाण असते, अंत्यविधीचे नसते. ते स्मशानाच्या नोंदवहीत असते, आणि नगरपालिकेच्या काळातल्या त्या वह्या मुख्यालयाच्या अभिलेख कक्षात गेलेल्या होत्या.

अभिलेख कक्षातली बाई कामसू होती. अर्ज पाहण्याआधीच तिने विचारले, "जातीचा पुरावा का, काका? पणजोबाचं नाव सांगा."

मी म्हटले, जात मला ठाऊक आहे, बाप हवा आहे.

"बाप शोधायला पहिलेच आले तुम्ही," असे म्हणून तिने शोधशुल्काची पावती फाडली आणि आठवड्याने यायला सांगितले.

आठवड्याने उत्तर मिळाले : त्या नावाची नोंद नाही. दफनात नाही. मी दहनाचीही पाने पाहायला लावली. त्यातही नाही. पावसात काही वह्या खराब झाल्या आहेत, त्यांत असेल, असे ती म्हणाली. पण त्या महिन्याची पाने धड होती. माझ्यासमोर तिने ती दोनदा उलटली.

त्या संध्याकाळी मी भावाकडे गेलो, कारण ओटा वाचवायचा तर दोघांनी काहीतरी करणे भाग होते. तो सोफ्यावर मोबाइल घेऊन बसला होता. दफनात नोंद नाही हे ऐकताच त्याचा चेहरा उजळला.

"मी काय सांगत होतो, दादा?"

"दहनातही नाही," मी म्हटले. "मग काय, बाबा चालत गेले?"

भावजय आतून चहा घेऊन आली होती ती तशीच परत फिरली. भाऊ चिडला. इतकी वर्षे पोटात ठेवलेले तो बोलला. मी फक्त मोठेपणा मिरवतो, मी कर्मठ आहे, बाबा जिवंत असतानाच आईला मी कुंकू पुसायला लावले आणि वर त्याला संन्यास म्हणालो. शेवटी म्हणाला, "आणि शोधायला कसलं नाव दिलंस? आपलं आडनाव? संन्याशाला आडनाव असतं का रे? तूच तर सांगत आलास ना आयुष्यभर."

तो मला टोचायला बोलला होता. पण तो बरोबर बोलला होता, आणि हे मान्य करायला मला आजही कमीपणा वाटत नाही. ज्या माणसाचे जुने नाव गेले असे मी सर्वांना बजावत आलो, त्याला मी जुन्या नावाने शोधत होतो. मी चहा न घेता उठलो.

दुसऱ्या अर्जावर मी स्वामींनी दिलेले नाव लिहिले. नोंद त्याच पानावर सापडली, जे आम्ही दोनदा उलटले होते. दफन. जागा नदीकडच्या भिंतीलगत. 'वडिलांचे नाव' या रकान्यात गुरूंचे नाव. नातेवाईक या रकान्यात 'कोणी नाही'. आणि खबर देणाऱ्याच्या जागी माझी सही, तेव्हाच्या माझ्या गोल अक्षरात. स्वामींनी मला बजावून पाठवले होते की संन्याशाला मुलगा नसतो. कारकुनाने विचारले तेव्हा मी तसेच सांगितले होते. ते खरे होते. आज कोणी विचारले तरी मी तसेच सांगेन.

मी नोंदीची साक्षांकित प्रत घेऊन झोन कार्यालयात गेलो. मनात म्हटले, आता भाऊ काय बोलतो ते पाहू. अभियंत्याने प्रत वाचली. वयाने तो माझ्या मुलाएवढा होता आणि वागायला सभ्य होता.

"काका, यात तर नातेवाईक कोणी नाही म्हणून लिहिलंय."

मी म्हटले, सही माझी आहे.

"व्हय, पण सही खबर देणाऱ्याची. नाव वेगळं, आडनाव नाय, बापाचं नाव वेगळं. दाखल्यातला माणूस आन् हा माणूस एकच आहे, हे मी कशावरून धरू?"

शिवाय भावाचाही अर्ज त्याच्याकडे आला होता. त्यात लिहिले होते की वडील गृहस्थ होते, त्यांचे दहन झाले, ओटा हे मुलांनी बांधलेले स्मारक आहे. एकाच ओट्यासाठी दोन मुलगे दोन गोष्टी सांगतात म्हटल्यावर तो फाइलवर काय शेरा मारणार? त्याने मार्गही सांगितला. दोघांनी मिळून एकच प्रतिज्ञापत्र करावे. एकतर दोन्ही नावांचा माणूस एकच असे दोघांनी लिहावे. नाहीतर वहीतली नोंद लहान वयात अज्ञानाने चुकीची दिली गेली असे मी लिहावे, म्हणजे भावाचा अर्ज उभा राहील. कोणतेही चालेल, असे तो म्हणाला. त्याला ओटा पाडायची हौस नव्हती.

मी पहिला मसुदा करून भावाकडे नेला. त्याने तो वाचला आणि चष्मा काढला. मग म्हणाला, "यावर सही केली, तर मी इतकी वर्षं पिंड कुणाला दिले?"

याचे उत्तर शास्त्रात आहे, पण ते त्याला सांगण्याजोगे नव्हते.

दुसऱ्या दिवशी तो दुसरा मसुदा घेऊन माझ्याकडे आला. त्याने तो वकिलाकडून करून घेतला होता, स्टॅम्प पेपर आणला होता, माझ्या नावापुढे सहीच्या जागी फुली मारून ठेवली होती. फक्त सही कर, ओटा राहील, घरात तू काय म्हणायचे ते म्हण, असे त्याने विनवले. हे तो आता कोणाला सांगत नाही, पण त्याने माझे पायही धरले. मी सही केली नाही. त्या कागदात लिहिले होते की मी दिलेली नोंद खोटी आहे. मग तो खड्डा खोटा, ते मीठ खोटे, आणि एकोणीस वर्षांच्या पोराने बापाच्या डोक्यावर नारळ फोडला तो कशासाठी? जिवंत बापाने शेवटच्या शुद्धीत जे एकच मागितले ते मी दगड वाचवण्यासाठी शपथेवर नाकारू? लोक याला हट्ट म्हणतात. भावाने सही केली नाही त्याला मात्र श्रद्धा म्हणतात. हा न्याय मला मान्य नाही, आणि तो मान्य करायला लावणारा अजून कोणी भेटलेला नाही.

मुदत संपली.

ज्या दिवशी नदीकडची बाजू साफ केली त्या दिवशी मी गेलो होतो. भाऊही आला होता. आम्ही एकमेकांना कळवले नव्हते. ओटा पडायला काही वेळ लागला नाही. राडारोडा ट्रॉलीत भरला. मग शेडच्या खांबासाठी चुन्याने आखलेल्या चौकोनांवर मशीन खड्डे घेऊ लागले, आणि त्यातला एक चौकोन ओट्याच्या जागी होता. भाऊ माझ्याजवळ येऊन उभा राहिला. त्याच्या हातात ओट्याचा एक तुकडा होता, तो त्याने रुमालात गुंडाळला होता. मशीनच्या आवाजात मला पहिल्यांदा ऐकू आले नाही. त्याने माझा दंड धरून पुन्हा विचारले.

"दादा, किती खोल बसवलंय त्यांना?"

मी हात डोक्याच्या वर नेऊन दाखवला.

तो खड्ड्याच्या कडेला गेला. कंत्राटदाराच्या माणसाने हटकले तरी हलला नाही. बादलीगणिक माती वर येई आणि तो वाकून आत पाही. त्याच्या छातीएवढी खोली झाल्यावर मशीन थांबले, लोखंडाची जाळी उतरवली, आणि काँक्रीट पडेपर्यंत तो तिथेच उभा होता.

तिथे काहीच निघाले नाही, म्हणजे काही नव्हतेच, असे तो आता सर्वांना सांगतो. खड्डा पुरेसा खोल गेला नव्हता, हे तो सांगत नाही. आपण मला काय विचारले होते, तेही सांगत नाही.